पुड्यावर छापले किती, घेतले किती?

रेल्वे स्थानकावर मिळणारी 'रेल नीर'ची एक लिटरची बाटली 22 सप्टेंबर 2025 पासून पंधराऐवजी चौदा रुपयांना झाली, आणि अर्ध्या लिटरची दहाची बाटली नऊला आली. जीएसटी उतरला म्हणून रेल्वेने किंमत रुपयाने कमी केली. पण फलाटावर गाडी दोन मिनिटं थांबलेली असते, खिडकीतून दहाची नोट आणि पाचचं नाणं बाहेर जातं, बाटली आत येते आणि विक्रेता पुढच्या डब्याकडे सरकलेला असतो. 'सुटे नाहीत' हे दोन शब्द कानावर पडले तरी पुष्कळ झालं. चौदा छापलेली वस्तू पंधराला विकली गेली, एवढंच यात घडलं. विक्रेत्याने मागून घेतले की परत दिले नाहीत, याने हिशेब बदलत नाही.

रुपयाची बाब म्हणून आपण हे सोडून देतो. पण सोडून द्यायचं की धरायचं हे ठरवण्याआधी खरोखर जास्त घेतले का, हे तरी कळायला हवं. ते वाटतं तितकं सरळ नाही. काही ठिकाणी जास्त घेतलेलं कायद्यात बसतं आणि आपण उगाच वाद घालतो. काही ठिकाणी बिलावर 'तुमची बचत' असं छापून आलेलं असतं आणि प्रत्यक्षात आपण छापील किमतीहून जास्त मोजलेले असतात.

आधी त्या छापील आकड्यामागचा कायदा. 2009 चा वैध मापनशास्त्र अधिनियम आणि त्याखालचे 2011 चे आवेष्टित वस्तूंचे नियम, ही ती जोडी. आवेष्टित म्हणजे गिऱ्हाईक समोर नसताना ठरावीक माप भरून ठेवलेली वस्तू. पुडा सीलबंद असलाच पाहिजे असंही नाही. अशा वस्तूवर 'कमाल किरकोळ किंमत' सर्व करांसह छापावी लागते. नियम 18 सांगतो की त्याहून जास्त किमतीला ती कुणीही विकायची नाही. कुणीही म्हणजे किरकोळ दुकानदार, घाऊक व्यापारी, आयातदार, खुद्द उत्पादकसुद्धा. 'सर्व करांसह' हे दोन शब्द 1990 मध्ये सक्तीचे झाले. त्याआधी पुड्यावर किंमत असायची आणि पुढे 'स्थानिक कर वेगळे' अशी पुस्ती. तो स्थानिक कर किती, हे गल्ल्यावर बसलेला माणूस सांगेल तेवढा. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ते दिवस आठवत असतील.

एक गैरसमज इथेच दूर केलेला बरा. हा आकडा सरकार ठरवत नाही. बिस्किटाचा पुडा दहाला विकायचा की पन्नासला, हे कंपनी ठरवते. सरकार एवढंच म्हणतं की जो आकडा ठरवाल तो छापा, आणि छापलात की त्याच्या वर जाऊ नका. औषधांपैकी अत्यावश्यक यादीतल्या औषधांची कमाल किंमत मात्र सरकार बांधून देतं, त्यांची गोष्ट वेगळी. त्यामुळे 'याची किंमत इतकी कशी?' ही तक्रार वजनमापेवाल्यांकडे नेऊन उपयोग नाही. 'छापलेल्यापेक्षा जास्त का घेतले?' ही नेता येते. आणि कमाल म्हणजे छत, भाव नव्हे. त्याच्या खाली दुकानदार कितीलाही विकू शकतो, आपणही घासाघीस करू शकतो. 'एमआरपीला आहे, कमी होणार नाही' असं दुकानदार ठणकावतो ती त्याची मर्जी, कायद्याचं बंधन नव्हे.

दुधाच्या पिशवीवरचा रुपया

महाराष्ट्रात छापील किमतीहून जास्त घेण्याचा सर्वांत रुळलेला प्रकार दुधाच्या पिशवीवर चालतो. पिशवीवर 34 छापलेले असतात, दुकानात 35 घेतात, कुठे 36. शीतपेयाच्या बाटलीचंही तेच. विचारलं की उत्तर तयार असतं, 'ताई, फ्रिजचं बिल कोण भरणार?' याला बाजारात थंड करण्याचा आकार म्हणतात, आणि तो इतका जुना झाला आहे की गिऱ्हाईक निमूटपणे देतं.

दुकानदाराची बाजू पूर्ण खोटी नाही. दुधावर सुटणारं कमिशन इतर मालाच्या मानाने अगदी थोडं असतं. पहाटे चारला उठून क्रेट उतरवायचे, फुटलेली पिशवी बहुतेकदा स्वतःच्या माथी, संध्याकाळी नासलेली पिशवी कुणी परत घेत नाही. वीज महाग आहेच. हे सगळं मान्य करूनही हिशेब कंपनीशी व्हायला हवा, गिऱ्हाइकाशी नाही. छापील किंमत ठरवतानाच त्यात वितरकाचं आणि दुकानदाराचं कमिशन धरलेलं असतं. दूध गार ठेवूनच विकावं लागतं, तो मालाचा गुण आहे, वेगळी सेवा नव्हे. कायद्यात थंड करण्याच्या आकाराला कुठेही जागा नाही. पिशवी फ्रिजमधून काढून दिली काय किंवा क्रेटमधून, छत तेच राहतं.

घरपोच दूध टाकणाऱ्याचं मात्र वेगळं आहे. रोज पहाटे चौथ्या मजल्यावर दाराला पिशवी लावणारा माणूस महिन्याच्या शेवटी दुधाचे वेगळे आणि पोचवण्याचे वेगळे पैसे मागतो. ते आधी ठरलेलं असेल, दोन आकडे वेगवेगळे मांडलेले असतील, आणि दुकानात जाऊन छापील किमतीला तीच पिशवी घ्यायची मुभा आपल्याला असेल, तर ते पोचवण्याच्या कामाचे पैसे झाले. दहा मिनिटांत किराणा आणून देणाऱ्या ॲपचंही मूळ तत्त्व हेच. वस्तूच्या ओळीपुढचा आकडा छापील किमतीच्या आत हवा. पोचवण्याचा, हाताळणीचा, पावसाळी असे आकार ते खाली वेगळे लावतात, आणि ते पटत नसतील तर मागवणं रद्द करायचं. ते आकार कितीही जाचक वाटले तरी एमआरपीच्या नियमाने त्यांना पकडता येत नाही. वस्तूचीच किंमत छापील आकड्याच्या वर दाखवली असेल तर मात्र पकडता येते. ऑनलाइन विकणाऱ्यांना ही किंमत आणि वेष्टनावरचा बहुतेक तपशील पडद्यावरही दाखवावा लागतो. पुडा घरी आला की पडद्यावरची एमआरपी आणि पुड्यावरची एमआरपी एकच आहे का, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी. दोन्ही नेहमी जुळतातच असं नाही, आणि त्याचं कारण पुढे येतंच आहे.

यंत्राला किंमत कुठून कळते?

मोठ्या दुकानात मुद्दाम लबाडी होण्याची शक्यता कमी, असं आपल्याला वाटतं. माल यंत्राखालून जातो, टिक् असा आवाज येतो, आकडा उमटतो. यात माणसाचा हात कुठे आहे?

गोम अशी की त्या काळ्या रेघांच्या पट्टीत किंमत नसतेच. भारतातल्या बहुतेक मालावरची ही तेरा आकडी संख्या 890 ने सुरू होते. तिच्यात कंपनी कोणती आणि माल कोणता, एवढीच ओळख असते. कपडे धुण्याच्या पावडरीचा अमुक कंपनीचा एक किलोचा पुडा, ही ती ओळख. तो जानेवारीत भरलेला असो की ऑगस्टमध्ये, पट्टी तीच. किंमत दुकानाच्या संगणकात कुणीतरी भरलेली असते आणि यंत्र ती तिथून उचलतं. कंपनीने मध्येच किंमत वाढवली, नवा माल आला, संगणकात नवा आकडा भरला गेला, आणि फळीवर जुने पुडे अजून शिल्लक आहेत, अशी वेळ आली की जुना पुडाही नव्या किमतीने बिलात पडतो.

एक उदाहरण मांडून पाहू. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. कपडे धुण्याच्या पावडरीचे एक किलोचे दोन पुडे घेतले. बिलावर ओळ अशी आहे: एमआरपी 152, दर 146, नग दोन, रक्कम 292. बिलाच्या तळाशी ठळक अक्षरात 'तुमची बचत 12 रुपये'. घरी आल्यावर पुडा उलटा करून पाहिला तर भरण्याची तारीख चार महिन्यांपूर्वीची आणि कमाल किरकोळ किंमत 140. म्हणजे दर पुड्यामागे सहा रुपयांची बचत नव्हे, सहा रुपये जादा गेले. दोन पुड्यांचे बारा. बिलातली एमआरपी आणि दर यांची तुलना करत बसलो असतो तर हे कधीच कळलं नसतं, कारण ते दोन्ही आकडे एकाच संगणकातून आले आहेत. आपल्याला तुलना करायची आहे ती बिलावरच्या दराची आणि हातातल्या त्याच पुड्यावर छापलेल्या आकड्याची. फळीच्या कडेला लावलेली चिठ्ठी, शेजारचा दुसरा पुडा, कंपनीची जाहिरात, यांतलं काहीच इथे पुरावा ठरत नाही.

आता दोन पुड्यांपैकी एक जुना 140 चा आणि एक नवा 152 चा निघाला तर? नव्यासाठी 146 बरोबर, जुन्यासाठी 140 च्या वर एक पैसाही नाही. 'कंपनीने भाव वाढवला, आमच्याकडे पत्रक आलंय' हे उत्तर जुन्या पुड्याला लागू पडत नाही. जुना माल जुन्याच किमतीत संपवायचा असतो.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये यावर उपाय असतो. एकाच पट्टीला दोन-तीन एमआरपी जोडून ठेवता येतात. मग माल यंत्राखाली धरला की पडद्यावर छोटी यादी उघडते आणि गल्ल्यावरच्या मुलीने पुडा उलटा करून त्यातली बरोबर किंमत निवडायची असते. पण रांगेत आठ माणसं उभी असतात. ती बटण दाबते आणि यादीत वर असलेली, म्हणजे बहुधा सर्वांत ताजी किंमत निवडली जाते. त्यामुळे ही चूक नेहमी एकाच बाजूला झुकते, आणि ती बाजू आपली नसते. सणासुदीच्या आधी किंवा भाववाढीच्या बातम्या आल्यावरच्या एकदोन महिन्यांत तेल, साबण, पावडर, चहा या ओळी नीट पाहाव्यात. बाकी बिलावर नुसती नजर फिरवली तरी चालेल.

गल्ल्यावरच लक्षात आलं तर बहुतेक ठिकाणी व्यवस्थापक फरक परत देतो आणि प्रकरण मिटतं. त्याला 'तुम्ही फसवता' असं म्हणण्यापेक्षा 'या पट्टीला जुनी एमआरपी जोडलेली नाही, फळीवर अजून पुडे आहेत' असं सांगितलं तर पुढच्या वीस गिऱ्हाइकांचेही पैसे वाचतात.

छापील आकडा खरा कोणता?

पुड्यावरचा आकडा वाचायचा म्हणजे नेमकं कुठे पाहायचं? कंपनीत छपाई झालेल्या रंगीत वेष्टनावर बऱ्याचदा फक्त 'किंमत, तुकडी क्रमांक आणि तारखेसाठी येथे पाहा' असं लिहिलेलं असतं. खरा आकडा पुडा भरताना ठिपक्याठिपक्यांच्या काळ्या शाईत मारतात. बाटलीच्या मानेवर, पिशवीच्या वरच्या शिवणीजवळ, डब्याच्या बुडाशी. किंमत, तुकडी क्रमांक आणि महिना-वर्ष हे सहसा एकाच यंत्राने, एकाच शाईत, शेजारीशेजारी उमटलेले असतात. या तिन्हींत किंमतच तेवढी वेगळ्या शाईत, वेगळ्या वळणात किंवा थोडी तिरकी असेल, किंवा तिच्याखालचा कागद खरडल्यासारखा, चकाकी गेलेला असेल, तर संशयाला जागा आहे. छापील किंमत खोडणं, पुसणं, बदलणं हा नियमांनुसार वेगळा गुन्हा आहे, जास्त पैसे घेतले नसले तरीही.

स्टिकरचं एक साधं सूत्र लक्षात ठेवावं. किंमत कमी करणारा स्टिकर चालतो, तोही मूळ किंमत झाकली जाणार नाही असा लावलेला. किंमत वाढवणारा स्टिकर एरवी चालत नाही. म्हणून स्टिकर दिसला की त्याच्या कडेला नखाने हलकेच उचलून खाली काय आहे ते पाहायला हरकत नसते. जीएसटीचे दर बदलले की सरकार काही काळासाठी खास मुभा देतं. सप्टेंबर 2025 मध्ये कर उतरले तेव्हा कंपन्यांना जुन्या, न विकलेल्या मालावर सुधारित किंमत लावण्याची आणि आधी छापून ठेवलेली वेष्टनं वापरण्याची परवानगी मिळाली, ती मूळ किंमत दिसत राहील या अटीवर. त्या सुमारास पुड्यावर दोन आकडे दिसले तर गोंधळून जायचं कारण नव्हतं, त्यातला कमी आकडा आपला.

आयात मालाचं उलट असतं. परदेशी चॉकलेट, साबण, डब्यातलं खाणं यावर मूळ छपाईत रुपयांतली किंमत असणारच कशी? तिथे आयातदाराने लावलेला स्टिकर कायदेशीर आहे आणि हवाच. त्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश, निव्वळ वजन आणि रुपयांत कमाल किंमत असते. असा स्टिकरच नसलेली चॉकलेटं बाजारात सर्रास मिळतात. त्यांच्याबाबत 'जास्त घेतले' असं सिद्धच करता येत नाही, कारण मोजायला छत नाही. तिथे तक्रार वेगळी, आवश्यक घोषणा नसलेला माल विकल्याची.

वजनाकडेही एक नजर टाकावी. 2022 पर्यंत चहा, बिस्किटं, तेल, साबण अशा काही वस्तू ठरावीक मापांतच भराव्या लागत. ते बंधन गेलं आणि त्याऐवजी पुड्यावर एकक किंमत छापणं आलं, म्हणजे ग्रॅमला किंवा किलोला, मिलिलिटरला किंवा लिटरला किती रुपये पडले ते. एमआरपीच्या शेजारी बारीक अक्षरात तो आकडा असतो. छापील किंमत तीच ठेवून पुड्यातून वीस ग्रॅम काढून घेतले तर एमआरपी गप्प बसते, एकक किंमत बोलते. हा जास्त पैसे घेतल्याचा गुन्हा नव्हे, पण खिशावरचा परिणाम तोच.

औषधांचा थोडा खुलासा. त्यांच्या किमती 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली येतात. दुकानदाराने चालू दरपत्रक आणि वेष्टनावरची किंमत यांपैकी जी कमी असेल तिच्या वर घ्यायचं नाही. पत्ता कापून चार गोळ्या दिल्या तर पूर्ण पत्त्याच्या किमतीच्या प्रमाणातच पैसे घ्यायचे. दहा गोळ्यांचा पत्ता 85 रुपयांचा असेल तर चार गोळ्यांचे 34 होतात, 40 नव्हेत. कापलेल्या तुकड्यावर किंमतच राहत नाही, म्हणून कापण्याआधी अख्खा पत्ता हातात घेऊन पाहावा.

जिथे छत लागू होत नाही

आता वादाचा मुद्दा, हॉटेलातली पाण्याची बाटली. टेबलावर बसून वीस छापलेल्या बाटलीचे चाळीस लावले तर? हा खटला बरीच वर्षं चालला. दिल्ली उच्च न्यायालयात हॉटेलचालकांच्या संघटनेने तो नेला होता आणि अखेर 12 डिसेंबर 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं की हॉटेलात माणूस केवळ बाटली विकत घ्यायला जात नाही. बसायची जागा, वातावरण, वाढणारी माणसं, भांडी, हे सगळं मिळून तो एक व्यवहार असतो, नुसती वस्तूची विक्री नव्हे. म्हणून हॉटेल आणि रेस्टॉरंटमध्ये बाटलीबंद पाण्याला छापील किमतीहून जास्त आकार लावला तर वजनमापांच्या कायद्याखाली कारवाई करता येत नाही.

मला स्वतःला हा निकाल मनापासून पटलेला नाही, कारण वातावरणाचे पैसे जेवणाच्या दरात आधीच वसूल झालेले असतात. पण निकाल तो निकाल. वेटरशी एमआरपीवरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. मेनूकार्डावर बाटलीचा दर लिहिला आहे का ते बसल्यावर पाहावं आणि साधं पाणी मागावं.

मात्र हॉटेलचा हा न्याय आपल्याला लागू आहे असं समजणारे पुष्कळजण असतात आणि तिथे आपण ठाम राहू शकतो. हॉटेलच्या दारातली पानपट्टी हे दुकान आहे. महामार्गावरच्या फूड मॉलमध्ये चिप्स आणि पाणी विकणारा गाळा हे दुकान आहे. एसटी स्थानकातला स्टॉल, फलाटावरची ढकलगाडी, गडाच्या पायथ्याची टपरी ही दुकानंच आहेत. गडावर माल डोक्यावरून न्यावा लागतो, हे खरं. तिथे लिंबूसरबत आणि पिठलं-भाकरीचा भाव विक्रेत्याने हवा तो लावावा, त्यावर छापील किंमत नसतेच. छापील बाटलीला मात्र वर नेण्याचा वेगळा नियम नाही. डोंगरावर दोन रुपये जास्त घेणाऱ्या मावशींची तक्रार मी करणार नाही, पण ती माझी मर्जी झाली, कायद्याचा अर्थ नव्हे.

चित्रपटगृहं आणि विमानतळ यांचा इतिहास वेगळा. तिथे जास्त पैसे 'घेत' नसत, बाटलीवर किंमतच जास्त छापून आणत. तेच पाणी, तेच माप, तीच कंपनी, बाहेर वीस आणि आत पन्नास. छापलेलं असल्यामुळे छत ओलांडलं असं म्हणता येत नसे. 1 जानेवारी 2018 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हे बंद केलं. अनुचित किंवा निर्बंधक व्यापारी पद्धत वापरून एकसारख्या वस्तूवर दोन वेगळ्या कमाल किमती छापता येत नाहीत. पळवाट मात्र 'एकसारख्या' या शब्दातच राहिली. माप बदललं, बाटलीचा आकार बदलला, वेगळं नाव दिलं की वस्तू एकसारखी उरत नाही. विमानतळावर आपल्या ओळखीची बाटली का दिसत नाही आणि कधी न पाहिलेली 750 मिलिलिटरची का दिसते, हे यावरून लक्षात येईल.

सवलतीच्या जाहिरातीतही एक मेख असते. 'सरसकट 40 टक्के सूट' वाचून हजाराचा शर्ट उचलला, गल्ल्यावर सहाशे अधिक कर लावला. एकूण रक्कम हजाराच्या आतच आहे, म्हणजे छत ओलांडलेलं नाही. पण हजार या आकड्यात कर धरलेलाच होता, मग सूट दिल्यावर तो पुन्हा वर का? राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2017 मध्ये कपड्यांच्या अशाच प्रकरणांत ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली. इथे बोट एमआरपीच्या नियमाकडे दाखवायचं नसून फसव्या जाहिरातीकडे दाखवायचं.

तक्रार करायची तर

पहिलं काम बिल घेणं. बिल न देणं हीच 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित प्रथा आहे. दुधाच्या पिशवीला कुणी बिल देत नाही हे उघड आहे, पण यूपीआयने पैसे दिले तर 36 रुपये अमुक दुकानाला अमुक वेळी गेले याची नोंद फोनमध्ये राहते. त्याला त्याच पिशवीच्या छापील किमतीच्या फोटोची जोड द्यावी. फोटोत किंमत, तुकडी क्रमांक आणि तारीख एकत्र आली पाहिजेत, नुसती किंमत नव्हे. पिशवी कापताना तो भाग कापू नये. रेल्वेत विक्रेता बिल देत नसेल तर पैसे देऊ नका असं रेल्वेचंच धोरण आहे, आणि गाडीत बसल्याबसल्या 139 वर तक्रार करता येते.

यानंतरच्या वाटा दोन आणि त्यांची कामं वेगळी. वजनमापे खात्याचा, म्हणजे वैध मापनशास्त्र यंत्रणेचा निरीक्षक दुकानावर कारवाई करतो. आपल्या तक्रारीवरून तो स्वतः किंवा कुणाला गिऱ्हाईक म्हणून पाठवून तीच वस्तू विकत घेऊन पाहू शकतो. जास्त घेतल्याचं तेव्हा त्याच्यासमोरच उघड झालं तर दंड होतो. पण तो दंड सरकारजमा होतो, आपले दोन रुपये त्यातून परत येत नाहीत. एकाच दुकानात रोज चालणाऱ्या प्रकारासाठी ही वाट योग्य.

आपले पैसे हवे असतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक किंवा consumerhelpline.gov.in हे संकेतस्थळ. ही हेल्पलाइन निकाल देत नाही, कंपनीपर्यंत तक्रार पोचवून तडजोड घडवते. साखळी दुकानं आणि ॲपवाल्या कंपन्या तिला उत्तर देतात, कारण नाव राखायचं असतं. कोपऱ्यावरच्या दुकानदारापुढे तिचं फारसं चालत नाही. तिथेही काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. वेष्टनावर छापलेल्या किमतीहून जास्त घेणं हे तक्रारीचं कारण म्हणून त्या कायद्यात स्पष्ट नोंदलेलं आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही, वकीलही लागत नाही. तक्रारीला व्यवहारापासून दोन वर्षांची मुदत असते. एवढ्या मुदतीत दुकानाचं बिल मात्र टिकत नाही. ते उष्णतेने छापणाऱ्या कागदावर असतं आणि पाकिटात ठेवलं तर काही महिन्यांत पांढरं पडतं, तेव्हा त्याचाही फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.